गोधडीची गोष्ट आणि गोधडीचं माप

"मी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून विकते. आईच्या लुगड्याची आठवण लिहिली की लोकांना आवडतं, पण माप आणि धुण्याचं परत परत विचारतात. आठवण काढून टाकू का?"

नको काढू, ताई. बार्शीकडच्या एका बाईंची अडचण अशीच होती. त्यांचा मजकूर आईच्या कष्टांपासून सुरू व्हायचा आणि माप शेवटी यायचं. फोनवर सुरुवातीच्या दोनतीन ओळीच दिसतात, बाकी "आणखी वाचा"खाली जातं. मजकुरात असलेलीच गोष्ट गिऱ्हाईक पुन्हा विचारत असेल, तर ती चुकीच्या जागी आहे असं समजायचं.

त्यांना खरा फटका वेगळाच बसला. लुगड्याच्या काठाजवळ जुनं ठिगळ होतं. ते आठवणीच्या ओघात, मधेच कुठेतरी लिहिलेलं. घेणाऱ्या बाईंच्या ते नजरेतून सुटलं आणि गोधडी "फाटकी" म्हणून परत आली. मला दोघींचंही पटलं. ज्यावरून तक्रार होऊ शकते ते ठिगळ, डाग, फिकट पडलेला रंग वेगळ्या वाक्यात सांगावं आणि फोटोतही जवळून दाखवावं.

मग आम्ही बसून नव्याने लिहिलं:

"९० इंच लांब, ६० इंच रुंद, एका माणसासाठी. चार थर, सगळे सुती, वजन सव्वा किलो. वरचा थर माझ्या आईच्या नऊवारीचा. वर्षानुवर्षं नेसून मऊ झालेली, म्हणून गोधडी पहिल्या दिवसापासून अंगाला टोचत नाही. काठाजवळ आईनेच लावलेलं ठिगळ आहे, तिसरा फोटो पाहा. पहिल्यांदा वेगळी, गार पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा."

आई इथे दोनच ठिकाणी आहे, आणि दोन्ही ठिकाणं कामाची आहेत. एक कापडाचा मऊपणा सांगतं, दुसरं ठिगळ कुठून आलं ते. आईच्या कष्टांचा परिच्छेद गाळताना बाईंचे डोळे भरून आले. तो छापील चिठ्ठीवर घालून घडीत ठेवायचं ठरलं. गोधडी हातात आल्यावर तो निवांत वाचला जातो, तिथे मापाशी त्याची स्पर्धा नसते.

एक गोष्ट मात्र मी कडक शब्दांत सांगितली. आईचं लुगडं एकच होतं. त्यातून एका गोधडीचा वरचा थर आणि आतलं थोडंफार कापड निघतं. पुढच्या गोधड्यांनाही तोच मजकूर चिकटवला तर ते खोटं होईल. त्यांच्यासाठी जे खरं तेच लिहायचं: "गावातल्या बायकांकडून घेतलेल्या वापरलेल्या सुती साड्या, शिवण्याआधी धुतलेल्या. दोरे मी आणि माझ्या जाऊबाईंनी हातानं घातलेत." अस्तर नव्या लाल कापडाचं असेल तर "पहिल्या एकदोन धुण्यांत रंग जाऊ शकतो" हेही त्याच्याच शेजारी यायला हवं.