एक वर्षाचं एमएससी की दोन वर्षांचं थीसिसवालं? आधी कॅलेंडर मांडा

"मुलगी सांगलीला बी.टेक. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे पीएचडी करायची म्हणते. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची सप्टेंबर 2026 साठी एक वर्षाच्या एमएससीची ऑफर आली आहे, मे महिन्यात डिपॉझिट भरायचं आहे. तिचे सीनिअर म्हणतात, कॅनडात दोन वर्षांचं थीसिसवालं कर, स्टायपेंड मिळतो. एक वर्षाची डिग्री पुढे चालते का? आणि वर्ष वाचत असताना दोन वर्षं कशाला घालवायची?"

डिग्री चालते. जुलै 2022 मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा करार झाला, त्यात ब्रिटनची एक वर्षाची मास्टर्स धरलेली आहे. यूजीसीचे 2022 चे पीएचडी नियमही चार वर्षांच्या पदवीनंतरची एक वर्षाची मास्टर्स मान्य करतात. मुलीचं बी.टेक. चार वर्षांचं असल्यामुळे तिला इथे अडचण नाही. अडचण येते ती तीन वर्षांच्या बी.एस्सी.नंतर ब्रिटनला जाणाऱ्यांना, आणि तीही बहुतेक वेळा तिसऱ्याच देशात. जर्मनीत पीएचडीसाठी पदवी आणि मास्टर्स मिळून 300 युरोपीय क्रेडिट्स असावेत अशी साधारण अपेक्षा असते. तीन वर्षांच्या पदवीचे 180 आणि ब्रिटिश एमएससीचे 90 मिळून 270 होतात, मग विद्यापीठ जादा विषय करायला लावू शकतं. कॅनडात तर अशा मुलांना थीसिस मास्टर्सच्या अर्जालाच अनेक विभाग नकार देतात, कारण त्यांना चार वर्षांची पदवी हवी असते.

खरा प्रश्न वेळेचा आहे, म्हणून या घरासोबत बसल्यावर आम्ही फीचा तक्ता बाजूला ठेवला आणि महिने मांडले.

इंग्लंडचं वर्ष असं जातं. सप्टेंबरच्या अखेरीस पोहोचायचं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत पहिलं सत्र, जानेवारीत परीक्षा, मार्च-एप्रिलपर्यंत दुसरं सत्र, मे महिन्यात पुन्हा परीक्षा. जून ते सप्टेंबरची सुरुवात एवढाच काळ प्रबंधाला. एकूण 180 ब्रिटिश क्रेडिट्स, म्हणजे वरचे 90 युरोपीय. त्यांपैकी साधारण 120 वर्गातल्या विषयांचे आणि 60 प्रबंधाचे. ब्रिटनमध्ये स्टायपेंडसह पीएचडीच्या बऱ्याच जागांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. म्हणजे ही मुलगी अर्ज भरेल तेव्हा तिला तिथे जेमतेम अडीच महिने झालेले असतील. हातात गुण नाहीत, प्रबंध सुरू झालेला नाही आणि शिफारसपत्र देण्याइतकं तिला तिथलं कुणी ओळखत नाही. शिफारस पुन्हा सांगलीच्याच प्राध्यापकांची. बी.टेक.नंतर घरूनच अर्ज केला असता तर तो जवळपास असाच असता, मग मास्टर्सवर केलेल्या खर्चाचा या अर्जाला काय उपयोग झाला?

त्यामुळे तिचा जोरकस अर्ज डिसेंबर 2027 मध्येच जाईल, प्रबंध पूर्ण झाल्यावर. पीएचडी सुरू ऑक्टोबर 2028 मध्ये. मधलं वर्ष ग्रॅज्युएट व्हिसावर नोकरी करत काढायचं. इथे एक बदल लक्षात ठेवायला हवा: 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना हा व्हिसा दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचाच मिळणार आहे. सप्टेंबर 2026 ला जाणारी प्रत्येक बॅच त्यात बसते. अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच आणि स्टुडंट व्हिसा संपण्याआधी करावा लागतो, तोही विद्यापीठाने अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं गृहखात्याला कळवल्यावर. बारा महिने किंवा त्याहून जास्त लांबीच्या कोर्सला शेवटी स्टुडंट व्हिसाचे चार महिने जादा मिळतात, त्याहून थोड्या कमीला दोनच. म्हणून प्रवेशाच्या कागदावरची सुरुवातीची आणि शेवटची तारीख बोट ठेवून मोजा. बारा महिन्यांना दहा दिवस कमी पडले, तर निकाल येईपर्यंत व्हिसा पुरेल का हे विद्यापीठाला आत्ताच विचारायला हवं.

आता कॅनडा. तिथल्या थीसिस मास्टर्सचे सप्टेंबर 2026 चे अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीतच बंद झाले होते. म्हणजे तिला सप्टेंबर 2027 मिळेल आणि डिग्री 2029 च्या उन्हाळ्यात. आईवडिलांना हे कळल्यावर साहजिकच धक्का बसला: दोन वर्षांचं म्हणता म्हणता तीन झाली! पण तिचं ध्येय पीएचडी आहे, त्यामुळे मोजायचं ते पीएचडी सुरू होण्यापर्यंत. जीवशास्त्राच्या अनेक कॅनडियन विभागांत चांगलं काम असेल तर वर्ष-दीड वर्षानंतर मास्टर्स न संपवता त्याच प्रयोगशाळेत पीएचडीला बदली मिळते. तसं झालं तर 2029 च्या सुरुवातीला ती पीएचडीत असेल. इंग्लंडच्या मार्गाने ऑक्टोबर 2028. वाचणारं 'एक वर्ष' तीन-चार महिन्यांवर येतं. बदली झाली नाही तर फरक जवळपास वर्षाचाच राहतो, हेही आम्ही त्यांना तितक्याच स्पष्टपणे सांगितलं.

मग पैसे. तिच्या ऑफरमधली फी 28,000 पाउंड. लंडनबाहेर राहणीसाठी सरकार महिन्याला 1,171 पाउंड धरतं. बँकेत दाखवायचे ते नऊ महिन्यांचे, पण राहायचं बारा महिने, म्हणजे सुमारे 14,000. आरोग्य अधिभार 1,164. बेरीज 43,000 पाउंडच्या वर, आणि पाउंड 115 रुपये धरला तर जवळपास 50 लाख. हे कर्ज डोक्यावर असताना पीएचडीसाठी थांबायचं ते वर्ष नोकरीशिवाय काढणं कोणत्याच घराला सोपं नाही.

थीसिस मास्टर्समध्ये उलटी गणितं असतात. प्राध्यापक आपल्या अनुदानातून विद्यार्थ्याला पैसे देतात, त्यामुळे प्रवेश म्हणजे जवळजवळ नोकरीची निवड. पण ऑफरमधला आकडा पूर्ण हातात येत नाही. समजा वर्षाला 28,000 कॅनडियन डॉलर लिहिलेत आणि फी व इतर शुल्क 9,000 आहे. उरले 19,000, महिन्याला 1,580 च्या आसपास. टोरंटो किंवा व्हँकुव्हरमध्ये यातला मोठा भाग खोलीभाड्यात जाईल. शिवाय त्या 28,000 मधला काही भाग शिकवणी-सहायकाच्या कामाचा पगार असतो. तेव्हा ऑफर आल्यावर विचारायचं: यातली किती रक्कम काम न करता मिळते, उन्हाळ्यातही मिळते का, आणि हमी किती टर्मची आहे? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. थीसिस दोन वर्षांत संपेलच असं नाही. प्रयोग बिघडतात, पेशी वाढत नाहीत, समितीतले एक सदस्य आणखी एक आकृती मागतात. हमी सहा टर्मची असेल आणि काम सातव्या टर्ममध्ये गेलं, तर फी चालू राहते आणि स्टायपेंड थांबू शकतो.

व्हिसासाठी 1 सप्टेंबर 2025 पासून एका व्यक्तीला राहणीचे 22,895 डॉलर दाखवावे लागतात, पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वेगळा. विद्यापीठाचं स्टायपेंडचं पत्र त्यात धरलं जातं. सार्वजनिक विद्यापीठांतल्या मास्टर्सना 1 जानेवारी 2026 पासून प्रांत सरकारकडून आणावं लागणारं पत्र आणि स्टडी परमिटच्या संख्येवरची मर्यादा लागू नाही. शिक्षणानंतरचा वर्क परमिट तीन वर्षांचा, मात्र पासपोर्ट आधी संपत असेल तर तिथपर्यंतच. निघण्याआधी पासपोर्टची मुदत बघा.

एवढ्यावरून कॅनडा चांगला आणि इंग्लंड वाईट असं ठरत नाही. औषध कंपनीत क्वालिटीमध्ये तीन वर्षं काम केलेला आणि त्याच क्षेत्रात वर जाऊ पाहणारा मुलगा असता, तर आम्ही त्याला एक वर्षाचं सांगितलं असतं, कारण त्याचा अर्ज अनुभवावर उभा राहतो. फक्त ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर भरत्या शरद ऋतूतच सुरू होतात. त्यानेही पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात अर्ज करायला हवेत.

मुलीच्या बाबतीत निर्णय दुसऱ्याच एका गोष्टीवर फिरला. तिच्या एमएससीच्या माहितीपत्रकात प्रबंधाखाली एक ओळ होती: प्रयोगशाळेतला प्रकल्प जागेच्या उपलब्धतेनुसार. तिला विभागाला ईमेल करून विचारायला सांगितलं, की गेल्या वर्षी किती जणांनी प्रत्यक्ष प्रयोग केले आणि किती आठवडे. उत्तर आलं की बऱ्याच जणांचा प्रबंध उपलब्ध डेटावर किंवा साहित्य आढाव्यावर होतो. प्रयोगशाळेतली पीएचडी हवी असलेल्या मुलीला हे चालणार नव्हतं. संशोधनच हवं आणि एकच वर्ष हातात असेल तर ब्रिटनमध्ये एमरेस नावाची पदवी आहे, तिच्यात संशोधनाचा वाटा बराच मोठा असतो. पण 50 लाखांचा प्रश्न तिथेही तसाच राहतो.

तिने डिपॉझिट भरलं नाही. पुण्यात एका संशोधन प्रकल्पात सहायकाची जागा शोधायची आणि कॅनडासाठी जुलैपासून प्राध्यापकांना लिहायचं असं ठरलं. तिच्या पहिल्या मसुद्यात होतं: तुमच्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची मला तीव्र इच्छा आहे. अशी पत्रं प्राध्यापकांकडे रोज येतात. दुसऱ्या मसुद्यात तिने त्यांच्या एकाच शोधनिबंधातल्या शुद्धीकरणाच्या पायरीबद्दल विचारलं, आणि स्वतःच्या प्रकल्पात त्याच पायरीला तिचं एन्झाइम निष्क्रिय का होत होतं ते चार ओळींत लिहिलं. सोबत दोन पानांचा बायोडेटा आणि गुणपत्रक. काही विभागांत मात्र निवड समितीच करते, तिथे प्राध्यापकांना लिहून काही होत नाही. हे विभागाच्या प्रवेशपानावर दिलेलं असतं, तिथे आधी बघायचं.

आणि कुणी होकार दिला, तर लगेच 'हो' म्हणायचं नाही. त्या प्रयोगशाळेतल्या दोन विद्यार्थ्यांशी, शक्य झाल्यास बाहेर पडलेल्या एकाशी, फोनवर बोलायचं. तुमच्या आधीच्या तिघांना मास्टर्स संपवायला किती महिने लागले, आणि पीएचडीला बदली मागितल्यावर सर काय म्हणाले, एवढंच विचारायचं.