जुन्या लीडला प्रमोशन मिळालंय: आधी अभिनंदन, मग जॉबचं कधी आणि कसं विचारावं?

प्रश्न: आधीच्या कंपनीतल्या माझ्या टीम लीड मॅडम आता दुसऱ्या कंपनीत आहेत. तिथे त्या मॅनेजर झाल्याचं लिंक्डइनवर दिसलं. आमचं दोन-अडीच वर्षांत बोलणं नाही. मी टेस्टिंगमध्ये आहे, जॉब बदलायचाय आणि त्यांच्या कंपनीत जागा निघत असतात. आधी अभिनंदन करून नंतर जॉबचं विचारलं तर मतलबी वाटेल का? आणि किती दिवसांनी विचारू?

उत्तर:

जरूर विचारा. फक्त अभिनंदनाचा मेसेज आणि नोकरीचा मेसेज हे दोन वेगळे ठेवा आणि मध्ये निदान चार-पाच आठवडे जाऊ द्या. मी पुण्यात एका आयटी कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळते. असे मेसेज मला येतात आणि रेफरल आत आल्यावर पुढे कसं सरकतं तेही बघते, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते.

त्यांच्या हाताखाली तुम्ही काही शिकला असाल आणि प्रमोशनचं वाचून बरं वाटलं असेल, तर ते अभिनंदन खरंच आहे. पुढे तुमचं काम निघणार आहे म्हणून ते खोटं ठरत नाही. लोक नोकऱ्या बदलतात आणि ओळखीच्यांना विचारतात, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. खटकतं ते एकाच मेसेजमध्ये आलेलं ‘अभिनंदन मॅडम! तुमच्याकडे काही ओपनिंग आहे का?’. तिथे पहिलं वाक्य नुसतं दार वाजवण्यापुरतं उरतं. आणि मनातून आनंद झालाच नसेल, तर अभिनंदनाच्या वाटेला न जाता सरळ जागेबद्दल विचारा. तेही चांगलं दिसतं.

अडीच वर्षांच्या खंडाचा संकोच करू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये लिहिलेल्या निबंधात बोस्टनजवळच्या एका उपनगरातल्या लोकांचा अभ्यास आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या या लोकांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून माहिती मिळाली तो माणूस त्या काळात किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारे होते १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे २७.८ टक्के. जुने सहकारी, आधीचे साहेब अशी माणसं त्यात होती. रोजच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुधा तुम्हालाही माहीत असतं. वेगळ्या कंपनीत बसलेल्या जुन्या लीडला मात्र तुमच्यापर्यंत न आलेलं काहीतरी ठाऊक असतं.

मेसेज टाकण्याआधी त्यांचं प्रोफाइल उघडून बघा. लिंक्डइनवरची सूचना दर वेळी प्रमोशनचीच असते असं नाही. कुणी जुनी नोकरी उशिरा भरली किंवा कंपनीत वर्ष पूर्ण झालं तरी अभिनंदन करा म्हणून सूचना येते. एकाच कंपनीखाली दोन पदं एकाखाली एक दिसत असतील आणि वरचं पद अलीकडच्या महिन्यापासूनचं असेल, तर ते प्रमोशन. महिना चार-पाच महिने मागचा असेल तरी बिघडत नाही, ‘उशिरा पाहिलं’ एवढं लिहायचं. मात्र ही बातमी प्रोफाइलवर न दिसता फक्त कुणा मित्राकडून चहाच्या टपरीवर कळली असेल, तर थांबा. कित्येकदा पत्र हातात पडण्याआधीच चर्चा फुटलेली असते आणि त्या माणसाची पंचाईत होते.

आता मेसेज. लिंक्डइन स्वतःच एक तयार वाक्य पुढे करतं, बोट लावलं की गेलं. ते वापरू नका. प्रमोशनच्या आठवड्यात तेच वाक्य डझनावारी येतं आणि आपण सगळ्यांना एकच ‘थँक यू’ चिकटवतो. पोस्टखालची कमेंटही अशीच गर्दीत जाते. व्हॉट्सॲपवर तुमचं जुनं बोलणं असेल तर तिथे लिहा, नाहीतर लिंक्डइनच्या इनबॉक्समध्ये. भाषा पूर्वी त्यांच्याशी बोलायचात तीच ठेवा. मराठीत बोलत असाल तर आता एकदम इंग्रजीत शुभेच्छापत्र नको.

त्यात एक तरी गोष्ट अशी हवी जी फक्त तुम्हीच लिहू शकता. उदाहरणार्थ:

‘मॅडम, मॅनेजर झाल्याचं वाचलं, मनापासून अभिनंदन. रिलीजच्या आदल्या दिवशी तुम्ही डिफेक्टची यादी घेऊन प्रत्येकाशेजारी येऊन बसायचात. मी आता दोन ज्युनिअर्सबरोबर तसंच करतो. तुमच्या नव्या टीमचं छान होणार, खात्री आहे.’

यात त्यांच्या कामातली एक नेमकी, घडलेली गोष्ट आहे आणि ती तुमच्यापर्यंत कशी टिकली ते आहे. प्रश्न एकही नाही. ‘नवी टीम केवढी आहे?’, ‘भरती चालू आहे का?’ हे कितीही सहज विचारलं तरी वाचणाऱ्याला त्यातला रोख कळतो. ‘पार्टी कधी?’ हे बरोबरीच्या मित्राला छान, लीड राहिलेल्या मॅडमना नको. आणि आठवण खरीच असू द्या. न घडलेला प्रसंग रचला तर त्यांना पहिल्या ओळीत कळेल, कारण त्या तिथेच होत्या.

त्यांचं उत्तर कसं येतं यावर पुढचं ठरतं. हात जोडलेला इमोजी आणि ‘थँक यू’ एवढंच आलं तरी वाईट वाटून घेऊ नका, त्या आठवड्यात उत्तरं द्यायला वेळच नसतो. तुमचं नाव पुन्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, मेसेजचं काम झालं. पण बऱ्याचदा उत्तरात ‘तू कसा आहेस? सध्या कुठे?’ येतं आणि इथे माणसं गडबडतात. एक तर ‘सगळं मस्त’ म्हणून खरी गोष्ट झाकतात, किंवा संधी मिळाली म्हणून लगेच सीव्ही जोडतात. झाकाल तर महिन्याभराने जागेचं विचारताना ते ‘सगळं मस्त’ तुमच्याच अंगावर येतं. खरं तेवढं सांगा: ‘तिथेच आहे मॅडम. गेलं दीड वर्ष ऑटोमेशन करतोय. पुढे बदल करायचा विचार आहे, काही नक्की झालं की तुमचा सल्ला घेईन.’ बदलाचं त्यांच्या कानावर पडतं आणि त्यांच्यावर काही करण्याचा भार येत नाही. यावर त्यांनी आपणहून ‘सीव्ही पाठव’ म्हटलं, तर अर्थात त्याच दिवशी पाठवा. चार-पाच आठवडे थांबायचं ते त्यांनी विषय काढला नाही तर.

थांबायचं ते शिष्टाचारापुरतं नाही. नव्या मॅनेजरचे पहिले आठवडे जुनं काम दुसऱ्याकडे सोपवण्यात आणि टीममधल्या एकेकाशी बोलण्यात जातात. आपल्या टीमला किती माणसं मंजूर आहेत, कोण सोडून चाललंय, आपली स्वतःची रिकामी झालेली लीडची जागा भरणार की नाही, याची उत्तरं तेव्हा त्यांच्याकडेच नसतात. दुसऱ्या आठवड्यात विचारलंत तर ‘सध्या काही नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणे मिळेल, आणि दीड महिन्याने जागा निघाली तेव्हा तुम्हाला आधीच नाही सांगितलेलं असेल. मधल्या काळात त्यांच्या प्रत्येक पोस्टला लाइक करत बसू नका. त्यापेक्षा कंपनीच्या करिअर साइटवर लक्ष ठेवा, कारण दुसरा मेसेज एका ठरावीक जागेबद्दल असायला हवा.

‘काही ओपनिंग असेल तर सांगा’ या मेसेजचं करायचं काय हे मला कधीच कळत नाही. शोधायचं काम त्यात माझ्यावर टाकलेलं असतं. असं लिहा:

‘नमस्कार मॅडम. तुमच्या कंपनीच्या साइटवर पुण्यातली ऑटोमेशन टेस्टरची जागा पाहिली, जॉब आयडी सोबत देतोय. चार ते सहा वर्षांचा अनुभव मागितलाय. माझी साडेचार झाली, त्यातलं शेवटचं दीड वर्ष सेलेनियम आणि एपीआय टेस्टिंगवर. हे काम नेमकं कोणत्या प्रकारचं आहे याची कल्पना असेल तर सांगाल का? आणि मी त्यात बसतो असं वाटलं तर रेफर कराल का? जमण्यासारखं नसेल तर मी साइटवरून अर्ज करेन, अजिबात संकोच करू नका.’

यात अभिनंदनाचा उल्लेख पुन्हा केलेला नाही, तो केला की हिशेब मागितल्यासारखं होतं. आपल्याला काय हवंय ते उघड विचारलंय, ‘सहज विचारतोय’चा आव नाही. शेवटच्या वाक्यामुळे नाही म्हणणं सोपं झालंय, आणि ज्याला नाही म्हणता येतं तो माणूस मोकळेपणाने बोलतो.

रेफरलच्या बाबतीत एक गोष्ट लोकांना फार उशिरा कळते. ‘साइटवरून अर्ज करेन’ हे खरंच नंतरसाठी ठेवा. बऱ्याच कंपन्यांत तुमचा ईमेल आणि मोबाइल नंबर एकदा त्यांच्या सिस्टीममध्ये साइटवरून किंवा एखाद्या कन्सल्टन्सीकडून गेला, की पुढचे काही महिने त्याच नावाचं रेफरल धरलं जात नाही. त्यामुळे कन्सल्टन्सीला ‘पाठवा कुठेही’ अशी मोकळीक देऊन ठेवू नका. शिवाय जागा त्यांच्याच टीममधली असेल, तर अनेक ठिकाणी त्या औपचारिक रेफरल करू शकत नाहीत, कारण निवड करणाऱ्याला ती सोय नसते. अशा वेळी त्या तुमचा सीव्ही थेट रिक्रूटरकडे देतील. तुमच्यासाठी तेच जास्त चांगलं.

मदत खरोखर होतेय का हे त्यांच्या प्रश्नांवरून ओळखता येतं. नोटीस पिरियड किती, तो कमी होईल का, सध्याचा सीटीसी काय, कोणतं फ्रेमवर्क वापरतोस, असं विचारलं तर त्या कुणाशी तरी बोलणार आहेत. नुसतं ‘सीव्ही पाठवून ठेव’ आलं तर सीव्ही पाठवा, पण त्या भरवशावर इतर अर्ज थांबवू नका. काहीच उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एक आठवण करा. तीही कोरडी गेली तर साइटवरून अर्ज करून मोकळे व्हा.

हा सगळा क्रम तुमच्या हातात वेळ आहे असं धरून सांगितला. राजीनामा देऊन झाला असेल आणि नव्वद दिवसांच्या नोटीसमधले शेवटचे काही आठवडे उरले असतील, तर महिना थांबणं परवडणार नाही. तेव्हा एकच मेसेज करा, आणि त्यात नोकरीचं आधी लिहा: ‘मॅडम, एका कामासाठी लिहितोय. माझा लास्ट वर्किंग डे पुढच्या महिन्यात आहे.’ मग जॉब आयडी, अनुभव, विचारणा, आणि शेवटी ‘तुम्ही मॅनेजर झाल्याचं पाहिलं, खूप आनंद झाला’. नड उघडपणे आधी सांगितली, की शेवटची शुभेच्छा शुभेच्छाच वाटते.