फॅमिली लॉयरच्या ऑफिससाठी ट्रेंडिंग रील? थांब जरा

तुझ्या मॅडमच्या ऑफिसचं पेज हातात घेतलंस, छान. पण घटस्फोटाच्या कागदावर सही करून नाचायचा तो ट्रेंड करू नकोस.

पहिलं कारण कायद्याचं. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करून पक्षकार मिळवता येत नाहीत. 2008 पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढं देता येतं. "आजच संपर्क करा" लिहिलंस की तक्रारीला जागा झाली, आणि ती मॅडमच्या सनदेवर येईल.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते रील पक्षकाराची बायको, सासरे, समोरचा वकील सगळे बघतात. मुलाच्या ताब्यासाठी भांडणाऱ्या आईला आपल्या वकिलाच्या पेजवर घटस्फोटाचा विनोद दिसला, तर ती मन मोकळं करेल का? खऱ्या केसचा किस्सा तर नाव बदलूनही नको. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 नुसार ही सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा तपशील छापणं गुन्हा आहे. गावात दोन खुणांवरून माणूस ओळखू येतो.

त्याऐवजी मॅडमना खुर्चीत बसवून एकच प्रश्न घे. उदाहरणार्थ, संमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबावंच लागतं का? सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या निकालानंतर योग्य प्रकरणात कोर्ट ती मुदत माफ करू शकतं, मात्र अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पाठीमागे गाणं नको. कमेंटमध्ये कुणी स्वतःची केस सांगितली, तर तिथे सल्ला देऊ नकोस, ती कमेंट लपव.