दूध बंद करूनही मुलीचं वजन वाढत नाही. लॅक्टोज, अ‍ॅलर्जी की सिलिअ‍ॅक?

प्रश्न: मुलगी चार वर्षांची आहे, वजन १२ किलो. दूध प्यायली की पोट फुगतं, जुलाब होतात. दोन महिने दूध बंद केलं तर जुलाब कमी झाले, पण वजन वाढत नाही. हिमोग्लोबिन ८.५ आहे आणि तीन महिने लोहाचं औषध देऊनही ते हललेलं नाही. कुणी लॅक्टोज म्हणतं, कुणी दुधाची अ‍ॅलर्जी. आता डॉक्टरांनी सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी सांगितली आहे. तोवर गहू बंद करून बघू का?

उत्तर:

नाही, गहू आत्ता बंद करू नका. तपासणीचं रक्त दिल्यानंतरही डॉक्टर सांगेपर्यंत पोळी चालू ठेवा. कारण शेवटी देते, आधी या तीन आजारांत नेमकं काय बिघडतं ते पाहू.

लॅक्टोज ही दुधातली साखर आहे. ती पचवणारं लॅक्टेज नावाचं विकर लहान आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर असतं. ते कमी पडलं की साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते. तिथे ती पाणी ओढून घेते आणि जिवाणू तिच्यापासून वायू तयार करतात. त्यामुळे दूध प्यायल्यावर साधारण अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगतं, गुडगुडतं आणि पातळ शी होते. यात रोगप्रतिकारशक्तीचा काही संबंध नाही, सगळा हिशोब प्रमाणाचा आहे. एक कप दुधात सुमारे १० ते १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. ज्याला एवढं सोसत नाही, त्याला चहातलं दूध किंवा वाटीभर दही बहुधा सोसतं आणि तूप तर हमखास चालतं. त्रास होतो, पण आतड्याला इजा होत नाही. म्हणूनच नुसत्या लॅक्टोजमुळे हिमोग्लोबिन ८.५ वर अडकून राहत नाही.

दुधाच्या अ‍ॅलर्जीत शरीर साखरेवर नाही, तर केसीन आणि दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांवर हल्ला करतं. एका प्रकारात दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलट्या होतात, कधी श्वास लागतो. श्वास लागणं, आवाज बसणं किंवा मूल गळून जाणं यांपैकी काही दिसलं तर तडक रुग्णालय गाठायचं. तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबून चालत नाही. दुसऱ्या प्रकारात त्रास काही तासांनी किंवा दिवसांनी होतो आणि लहान बाळांच्या शीतून रक्तही जातं. हा आजार बहुतेकदा पहिल्या वर्षात दिसतो आणि बरीच मुलं शाळेत जाईपर्यंत त्यातून बाहेर येतात. इथे थोडंसं दूधही महाग पडू शकतं. लॅक्टोजवाल्या मुलाला चमचाभर पंचामृत खुशाल द्यावं, पण अ‍ॅलर्जीवाल्याला ते तीर्थ म्हणूनही देऊ नये. लॅक्टोजमुक्त दुधाचा इथे उपयोग नाही, कारण त्यातली साखर फोडलेली असली तरी प्रथिनं तशीच असतात. शेळीचं आणि म्हशीचं दूधही चालत नाही, त्यांची प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी फार मिळतीजुळती असतात. ‘ए-टू’ दुधाने तर दोन्हींपैकी कुठलाच प्रश्न सुटत नाही, त्यात लॅक्टोजही असतं आणि केसीनही.

सिलिअ‍ॅकचं मूळ दुधात नाहीच. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आत मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. ते झिजून सपाट होतात आणि अन्न शोषून घेणारा पृष्ठभागच उरत नाही. सर्वांत जास्त इजा आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला होते आणि लोह शोषलं जातं तेही तिथेच. म्हणून औषध देऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही.

तुमच्या प्रश्नाची गाठ इथे आहे. लॅक्टेज या उंचवट्यांच्या टोकांवर असतं. टोकं गेली की लॅक्टेजही जातं, आणि मुलीला दूध सोसेनासं होतं. दूध बंद केल्यावर जुलाब कमी झाले म्हणजे कारण सापडलं असं घरच्यांना वाटतं, पण आतड्याची झीज पोळीमुळे चालूच असते. दूध थांबवूनही वजन आणि हिमोग्लोबिन न वाढणं हीच मला इथली सर्वांत महत्त्वाची खूण वाटते. यावरून निदान होत नाही. जंत, क्षयरोग, आतड्याचे इतर आजारही डॉक्टरांना पाहावे लागतील. पण सिलिअ‍ॅकची तपासणी टाळण्यासारखी स्थिती नक्कीच नाही.

तपासणीचं नाव ‘टीटीजी आयजीए’. ती रक्तातली आयजीए प्रकारची प्रतिपिंडं शोधते, म्हणून तिच्यासोबत एकूण आयजीए मोजायला सांगा, कारण ज्यांच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं त्यांचा अहवाल आजार असूनही नकारात्मक येतो. ही तपासणी ग्लूटेनविरुद्धच्या लढाईत तयार झालेली प्रतिपिंडं शोधते. गहू बंद केला की ती हळूहळू उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि मग ना रक्तात काही सापडतं, ना दुर्बिणीच्या तपासणीत. तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज दोन जेवणांत पोळी पोटात गेलेली असावी. अहवाल सकारात्मक आला तर दुर्बिणीतून लहान आतड्याचे चार-पाच नमुने घेतात. टीटीजीचा आकडा मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यातली ईएमए ही सिलिअ‍ॅकचीच आणखी एक प्रतिपिंड तपासणीही सकारात्मक असेल, तर काही मुलांत दुर्बीण टाळता येते. तो निर्णय पोटविकारतज्ज्ञांनी घ्यायचा. शंभर-दोनशे पदार्थांची ‘फूड इन्टॉलरन्स’ आयजीजी चाचणी मात्र करू नका, तिच्यावरून यांतलं काहीही ठरत नाही.

निदान पक्कं झालं तर ग्लूटेन आयुष्यभर बंद ठेवावं लागतं. ‘थोडंसं चालतं’ हे लॅक्टोजला लागू आहे, सिलिअ‍ॅकला नाही. आपल्याकडे भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी असल्यामुळे ताट रिकामं राहत नाही. घोटाळा होतो तो गिरणीत. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली की भाकरीत गहू येतोच, म्हणून घरघंटी किंवा फक्त तिच्यासाठी ठेवलेला मिक्सर वापरा. चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा. बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि सातूचं पीठ यांतही गहू किंवा जव असू शकतात. पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहिलं असेल तर कायद्याने त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

या आहारावर आतडं भरून यायला काही महिने लागतात. तोवर दूध कमी ठेवा, पण दही चालतं का ते बघा, कारण कॅल्शियमची गरज थांबत नाही. जुलाब थांबले आणि वजन वाढू लागलं की दूध पाव कपापासून सुरू करा, दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवा आणि पोट फुगलं तर आधीच्या मापावर या. अंगावर गांधी किंवा सूज कधी आली असेल, तर मात्र हा प्रयोग घरी न करता डॉक्टरांसमोरच करा.