हॉटेलचा ओला कचरा: खताचा ढीग आणि बचतीची वही

प्रश्न: हॉटेलात रोज ४० किलोच्या आसपास ओला कचरा निघतो. खत करायला घेतलं, पण ढीग चिकट होतो, वास मारतो. आणि मालक विचारतात, यात वाचतंय काय?

उत्तर: वासाचं मूळ बहुतेक वेळा ढिगात नसतं, बादलीत असतं. भाजी चिरतानाची सालं-देठं आणि ताटातलं उष्टं एकाच बादलीत गेलं की रस्सा, मीठ, तेल सगळीकडे मुरतं. म्हणून दोन बादल्या ठेवा. एक चिरायच्या टेबलाखाली, दुसरी भांडी घासायच्या जागी, आणि या दुसरीवर जाळी. रस्सा निथळू द्या आणि जाळीवर अडकलेले टिश्यू, टूथपिक, पिशव्यांचे कोपरे तिथेच उचला. खताच्या टाकीपाशी बसून ते वेचायला कोणी तयार होत नाही.

टाकीत एक बादली ओल्यामागे निदान एक बादली सुकी पानं घाला. भुसा वापरलात तर कमी लागतो. उष्टं नेहमी मधोमध घालून वरून सुक्याने झाका. मूठभर माल घट्ट पिळून बघा: बोटांत जेमतेम ओल जाणवावी, धार लागली तर सुकं वाढवा. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही, ढीग उलथा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे सुकं कमी पडलंय. ढीग ५५ अंशांच्या वर तापला की काम नीट चाललंय. तापतच नसेल तर तो फार ओला, फार कोरडा किंवा फार लहान आहे. एक घनमीटरची टाकी भरली की ती बंद करून पुढची घ्या.

आता वही. वजनकाटा टाकीपाशी ठेवा आणि रोज चारच रकाने भरा: सालं, उष्टं, सुकं, बाहेर गेलेली पिंपं. समजा महिन्यात १२०० किलो टाकीत गेलं आणि एका पिंपात ६० किलो मावतं, तर २० पिंपं वाचली. पण कचरा उचलणारा महिन्याचे ठरावीक पैसे घेत असेल, तर वाचलं शून्य! आधी त्याच्याशी पिंपामागे दर ठरवा. खत साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे २४० किलो निघेल. बागेला त्यातलं ६० किलोच लागत असेल आणि उरलेल्याला गिऱ्हाईक नसेल, तर बचतीत ६०च धरा. यातून सुक्या मालाचा खर्च आणि माणसाचे तास वजा करा. उरलेला आकडा बरेचदा लहान असतो, मालकांना तोच सांगा.

मोठी रक्कम उष्ट्याच्या रकान्यात असते. कुठल्या पदार्थाचं उष्टं जास्त येतं ते आठवडाभर वेगळं तोला. एखाद्या पदार्थाचं रोज ४ किलो परत येत असेल, तर वाढप कमी करा. ते ४ किलो शिजवण्याचा खर्चच वाचतो, आणि खतातून तो कधीच भरून निघणार नाही.