दुबईला जाण्याआधी बीएलएस कुठे करावे?

प्रश्न : मी पुण्यात स्टाफ नर्स आहे आणि माझे पती फिजिओथेरपिस्ट आहेत. आम्ही दोघे दुबईत नोकरी शोधत आहोत. बीएलएसचे, म्हणजे जीव वाचवण्याच्या मूलभूत कौशल्यांचे, प्रमाणपत्र ऑनलाइन स्वस्तात मिळते. ते चालेल का?

केवळ घरबसल्या मिळालेल्या प्रमाणपत्रावर पैसे घालवू नका. इथली, म्हणजे दुबईतली, रुग्णालये बहुधा अमेरिकन हार्ट असोसिएशनचे, म्हणजे एएचएचे, कार्ड मागतात, आणि एएचएच्या नियमानुसार छातीवर दाब देण्याची परीक्षा प्रत्यक्ष द्यावीच लागते. त्यांचा ‘हार्टकोड’ हा प्रकार अर्धा ऑनलाइन असतो. पण तो ऑनलाइन भाग पूर्ण केल्यावर मिळते ते फक्त ऑनलाइन भाग संपल्याचे प्रमाणपत्र, आणि मॅनिकिन या सरावाच्या पुतळ्यावर प्रत्यक्ष कौशल्य दाखवल्याशिवाय प्रोव्हायडर कार्ड हाती येत नाही. माझ्या ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टने सोनेरी शिक्क्याचे देखणे प्रमाणपत्र आणले होते. मनुष्यबळ विभागाने ई-कार्डचा कोड विचारला, तेव्हा तो त्यावर नव्हताच, आणि इथे येऊन पुन्हा पैसे भरावे लागले.

पतींसाठी वेगळा कोर्स शोधू नका. दोघांनाही ‘बीएलएस प्रोव्हायडर’च हवा, ‘हार्टसेव्हर’ हा सर्वसामान्य लोकांसाठी आहे, आणि नावे जवळची असल्याने नोंदणी करताना घोटाळा होतो.

पुण्यात केंद्र निवडताना त्यांच्या फलकावरील चिन्हावर विश्वास न ठेवता एएचएच्या संकेतस्थळावरील ट्रेनिंग सेंटरच्या यादीत त्यांचे नाव शोधा. स्वतंत्र प्रशिक्षक शिकवत असेल, तर तो कोणत्या ट्रेनिंग सेंटरशी जोडलेला आहे हे विचारून त्या केंद्राकडून खात्री करून घ्या. मॅनिकिनवर दाबाची खोली आणि वेग दाखवणारे उपकरण आहे का, हेही विचारा. प्रौढाच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब आणि किमान 5 सेंटिमीटर खोली साधते आहे की नाही, हे नुसत्या नजरेने कळणे कठीण असते. वर्गात प्रौढाचा सीपीआर एईडी या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्रासह आणि तान्ह्या बाळाचा सीपीआर, अशा दोन्ही चाचण्या झाल्या नाहीत, तर शंका घ्यायला जागा आहे. लेखी परीक्षेत 84 टक्के गुण लागतात, पण रोज वॉर्डात काम करणाऱ्याला ती जड जात नाही.

नोंदणीत पासपोर्टवरचेच नाव आणि स्वतःचा कायमचा ईमेल द्या, कारण ई-कार्डची लिंक त्याच पत्त्यावर येते आणि ते तुम्हाला स्वतः उघडून घ्यावे लागते. कार्ड आल्यावर त्यावरील कोड एएचएच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. नोकरी देणाराही हेच करतो.

कार्ड दोन वर्षे, महिनाअखेरीपर्यंत चालते : 12 मार्च 2026 रोजी मिळालेले 31 मार्च 2028 पर्यंत. त्यामुळे दुबईत काम करण्याच्या परवान्याची कागदपत्रे पाठवली त्याच आठवड्यात घाईने कोर्स करू नका. ऑफर येऊ द्या, कोणते कार्ड चालेल हे रुग्णालयाकडून ईमेलवर लेखी घ्या आणि मग तारीख ठरवा. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेचा बीसीएलएस हा कोर्स आधीच केला असेल, तर त्याविषयीही त्याच ईमेलमध्ये विचारा.