सूत्रं पाठ आहेत तरी उत्तर चुकतंय, तर मग इंजिनीअरिंग सोडायचं का?

"सर, मुलगा बारावी सायन्सला आहे, इंजिनीअरिंगचं ठरलंय. क्लासमध्ये इन्व्हर्स ट्रिगची पाच गणितं दिली होती, त्या पानाचा आणि त्याच्या वहीचा फोटो पाठवतेय. पाचातली चार चुकली. सूत्रं धडाधडा म्हणून दाखवतो, डेरिव्हेटिव्हच्या टेस्टला तर मार्क चांगले होते, मग इथेच काय होतं? आता म्हणतो गणित आपल्याला जमणार नाही, बीसीएला जातो. काय करू?"

ताई, दोन्ही फोटो मोठे करून नीट बघितले. बीसीएचं नंतर बोलू, आधी वही, कारण चार गणितं चुकलेली असली तरी चूक एकच आहे, चार वेळा झालेली.

पहिलं गणित, sin⁻¹(sin 2π/3). पोराने साइन इन्व्हर्स आणि साइन दोन्हींवर काट मारलीय आणि उत्तर लिहिलंय 2π/3. ती काट फोटोत चांगली ठळक दिसतेय, पेन दाबून मारलेली. आता त्याला हे डिग्रीत करायला सांगा. 2π/3 म्हणजे 120°. sin 120° म्हणजे √3/2. म्हणजे प्रश्न एवढाच उरला की साइन √3/2 येतो असा कोन कुठला? 60° पण आहे, 120° पण आहे, 420° पण आहे, असे कितीही सापडतील. पण फंक्शन म्हटलं की उत्तर एकच पाहिजे, म्हणून सगळ्यांनी ठरवून घेतलंय की साइन इन्व्हर्स −90° ते 90° मधलाच कोन देणार. त्यालाच प्रिन्सिपल व्हॅल्यू म्हणतात. 120° त्या पट्ट्यात बसतच नाही, म्हणून उत्तर 60°, म्हणजे π/3. काट मारता येते, पण आतला कोन पट्ट्यात असेल तेव्हाच.

कॉसचा पट्टा वेगळा आहे, 0° ते 180°, आणि टॅनचा −90° ते 90° पण दोन्ही टोकं सोडून, कारण तिथे टॅनच नसतो. पोरं साइनचा पट्टा कॉसलाही लावतात, तुमच्याकडेही तेच झालंय. cos⁻¹(−1/2) चं उत्तर त्याने −π/3 दिलंय. कॉस इन्व्हर्स मायनस कोन कधीच देत नाही! आणि cos(−60°) काढून बघितला असता तर प्लस 1/2 आला असता, तिथेच पकडलं गेलं असतं. बरोबर उत्तर 180 − 60, म्हणजे 120°, म्हणजे 2π/3. cos⁻¹(cos 7π/6) मध्ये पण काट मारून 7π/6 लिहिलंय, ते 210° झालं, पट्ट्याच्या बाहेर. 210° चा कॉस आणि 150° चा कॉस सारखाच, म्हणून 5π/6.

चौथं मला सगळ्यात आवडलं. tan⁻¹2 + tan⁻¹3. त्याने सूत्र बरोबर लावलंय, वरती 2+3, खाली 1−6, म्हणजे tan⁻¹(−1), उत्तर −π/4. एकही स्टेप चुकलेली नाही आणि उत्तर साफ चूक! tan⁻¹2 साधारण 63.4° आहे, tan⁻¹3 साधारण 71.6°, दोन प्लस कोनांची बेरीज मायनस 45° कशी येईल? बेरीज 135° आहे, म्हणजे 3π/4. वर्गात जे सूत्र घोकून घेतात ते दोन्ही संख्यांचा गुणाकार 1 पेक्षा कमी असतानाच जसंच्या तसं चालतं. इथे गुणाकार 6 आहे, म्हणून बेरीज 90° च्या पुढे गेली आणि टॅन इन्व्हर्सने ती 180° मागे ओढून आपल्या पट्ट्यात आणली. दोन्ही संख्या प्लस असतील तर π मिळवायचा, दोन्ही मायनस असतील तर वजा करायचा.

आता पाचवं, जे 'बरोबर' आलंय. tan⁻¹((cos x − sin x)/(cos x + sin x)), वर-खाली cos x ने भागलं की आत tan(π/4 − x) होतं, परत काट, उत्तर π/4 − x. मागच्या उत्तराशी जुळलं म्हणून टिक. पण ताई, तुमच्या फोटोत पानाची उजवी कड कापली गेलीय, आणि या गणितात x ची अट नेमकी तिथेच छापलेली असते. −π/4 < x < 3π/4 अशी अट असेल तरच हे उत्तर. x = π ठेवून बघा, कंसात 1 येतो, म्हणजे खरं उत्तर π/4, आणि त्याचं सूत्र देतंय −3π/4. म्हणून मी तरी पाचपैकी शून्य देईन, रागावू नका. पण गणितं फोटोवरून उतरवून घेणाऱ्यांचं हे फार होतं, अट कापली जाते आणि मग वाटतं की अट नव्हतीच.

डेरिव्हेटिव्हला मार्क का पडले तेही यातच आहे. π/4 − x च्या जागी π मिळवून लिहिलं तरी डेरिव्हेटिव्ह −1 च येतो, कारण π कॉन्स्टंट आहे, तो उडतो. म्हणजे चूक होती, फक्त झाकली गेली. नेहमी झाकली जाईल असं मात्र नाही. sin⁻¹(2x√(1−x²)) मध्ये x = sin θ ठेवून सगळे 2θ लिहून मोकळे होतात, पण x जर 1/√2 च्या पुढे असेल तर 2θ 90° च्या वर जातो, उत्तर π − 2θ होतं आणि डेरिव्हेटिव्हचं चिन्हच उलटतं.

सीईटीचं म्हणाल तर तिथे गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 मार्क, आणि स्टेप्स कोणी बघत नाही. tan⁻¹2 + tan⁻¹3 आलं तर −π/4 हा पर्याय समोर ठेवलेला असणारच, पेपर काढणाऱ्यालाही पोरं कुठे घसरतात ते माहीत असतं.

आणि बीसीएला जाऊन यातून सुटका होईल असं त्याला वाटत असेल तर त्याला हे तीन ओळींचं दाखवा, पायथनमध्ये स्वतः चालवू दे:

```
import math
print(math.atan(1/-1))
print(math.atan2(1, -1))
```

पहिला print −0.785 देतो, दुसरा 2.356. बिंदू (−1, 1) डावीकडे वरती आहे, म्हणजे कोन 135°, पण नुसता भागाकार दिला की कुठला मायनस वरचा आणि कुठला खालचा हे हरवतं आणि टॅन इन्व्हर्स आपल्या पट्ट्यातला −45° सांगून मोकळा. गेम असो, रोबोट असो, उलट्या दिशेला तोंड करेल. म्हणून तर atan2 वेगळं ठेवलंय. वहीतल्या चौथ्या गणितात झालं ते हेच, म्हणून कोर्स बदलून हा प्रश्न काही जाणार नाही.

त्यामुळे या पाच गणितांवरून इंजिनीअरिंग सोडायचं कारण मला दिसत नाही. बीसीए खरंच आवडतंय म्हणून जायचं असेल तर वेगळं, ते त्याच्याशी फोनवर बोलेन. सध्या एवढंच करायला सांगा, प्रत्येक गणिताच्या शेजारी आधी पट्टा डिग्रीत लिहायचा, मग आतला कोन डिग्रीत, आणि तो पट्ट्यात आहे का बघून मगच काट. तीच पाच गणितं परत करू दे, आणि पुढचा फोटो पान सरळ ठेवून, उजवी कड येईल असा काढून पाठवा.